शेवटी येणारं ‘नाही’

सराव परीक्षा सुटली की अभ्यासिकेच्या जिन्यात मुलं उत्तरं जुळवत बसतात. गेली काही वर्षं संध्याकाळी मी त्यांच्यात जाऊन बसते. ‘यूपीएससी’च्या पूर्वपरीक्षेचा सराव पेपर होता. सोलापूरकडची एक मुलगी एका प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हे मला येत होतं. तिन्ही विधानं येत होती. तरी चुकलं.”

प्रश्न मनी बिलाचा होता. पहिलं विधान, ते राज्यसभेत मांडता येत नाही. दुसरं, राज्यसभेने १४ दिवसांत ते परत पाठवलं नाही तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरतात. तिसरं, राज्यसभेच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक असतात. पहिली दोन बरोबर, तिसरं चूक. मुलीने समासात दोन टिका आणि एक फुली नीट केली होती आणि मग ‘फक्त १ आणि २’ हा पर्याय रंगवला होता. प्रश्नाची शेवटची ओळ मात्र ‘विच ऑफ द स्टेटमेंट्स गिव्हन अबव इज ऑर आर नॉट करेक्ट’ अशी होती. उत्तर ‘फक्त ३’. मिळायचे दोन गुण गेले आणि वर ०.६६ कापले गेले. आलेल्या प्रश्नाने तिला जवळजवळ पावणेतीन गुणांचा फटका दिला.

“नीट वाच” हा सल्ला अशा वेळी सगळेच देतात. तो निरुपयोगी आहे, कारण तिने ओळ वाचली होती. मी तिला विचारलं, “ही ओळ आता मला मराठीत सांग, काय शोधायला सांगितलंय?” ती क्षणभर थांबली, “यातलं चुकीचं कोणतं...” म्हणाली आणि कपाळावर हात मारला.

हा प्रकार मराठी मुलांच्या वाट्याला का येतो, ते समजून घ्यायला हवं. नागरी सेवा मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात आणि दरवर्षी अनेक जण लिहितातही. प्रश्नपत्रिका मात्र, भाषांचे पेपर सोडले, तर हिंदी आणि इंग्रजीतच निघते. पूर्वपरीक्षेत तर मराठी कुठेच नाही. म्हणजे ज्याने लक्ष्मीकांतपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं मराठीत वाचलं, त्यालाही परीक्षेच्या खोलीत प्रश्न इंग्रजीतच भेटतो. (‘एमपीएससी’त मराठी शेजारी छापलेलं असतं, पण तिथलं मराठी कधी कधी इतकं सरकारी असतं की मुलं अर्थ लावायला इंग्रजीकडे वळतात. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता त्या ओळीकडे पाहा. इंग्रजीत नकार वाक्याच्या पोटात असतो. ‘नॉट’ हा शब्द दोन शब्दांच्या मध्ये अंग चोरून बसतो आणि त्याच्यानंतर ‘करेक्ट’ येतो. ओळ संपताना कानात उरतो तो ‘करेक्ट’. मराठीत उलट आहे. ‘बरोबर नाही’ म्हटलं की ‘नाही’ शेवटी येतो, वाक्याचं दार तोच लावतो. आयुष्यभर आपल्या कानाला सवय आहे की वाक्याचा खरा निकाल शेवटच्या शब्दात असतो. ती सवय घेऊन इंग्रजी ओळ वाचली की शेवटचा ‘करेक्ट’ डोक्यात राहतो आणि मधला ‘नॉट’ निसटतो. त्यात भर म्हणजे ही ओळ तीन विधानं तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी येते. तोवर मन ‘हे बरोबर, ते बरोबर’ करत धावत सुटलेलं असतं.

नकार सगळ्यांनाच जड जातो, हेही खरं. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांवरच प्रयोग करून दाखवलं, की नकारार्थी विधान खरं की खोटं हे ठरवायला होकारार्थीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि चुकाही जास्त होतात. घरच्या भाषेत ही गत, तर शिकलेल्या भाषेत काय होत असेल!

म्हणून मराठीत सांगून बघायचं. पण इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. मराठीत सांगणं म्हणजे भाषांतर नव्हे. भाषांतर करायला बसलं की प्रश्नातले सगळे नकार जसेच्या तसे मराठीत येतात आणि गुंता तसाच राहतो. आपल्याला करायचंय ते असं की नकारांची गाठ सोडवून तीच गोष्ट होकारार्थी शब्दात सांगायची. ‘नॉट करेक्ट’चं ‘बरोबर नाही’ करू नये, ‘चूक’ करावं. ‘नॉट लेस दॅन’चं ‘पेक्षा कमी नाही’ करू नये, ‘किमान’ म्हणावं. ‘नॉट मोअर दॅन’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’. ‘एक्सेप्ट’ आला की ‘वेगळा कोण’. ‘नॉट नेसेसरिली’साठी तर मराठीत अगदी बेतून शिवलेला शब्दप्रयोग आहे, ‘असेलच असं नाही’.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू. तो मी मुलांसाठी मुद्दाम वाकडा करून रचला आहे. विषय मंत्र्यांचा.

पहिलं विधान: ‘नो पर्सन हू इज नॉट अ मेंबर ऑफ आयदर हाऊस ऑफ पार्लमेंट कॅन बी अपॉइंटेड अ मिनिस्टर.’ दुसरं: ‘अ मिनिस्टर मे नॉट स्पीक इन अ हाऊस ऑफ विच ही इज नॉट अ मेंबर.’ तिसरं: ‘अ मिनिस्टर मे रिमेन इन ऑफिस, विदाउट बीइंग अ मेंबर ऑफ आयदर हाऊस, फॉर नॉट मोअर दॅन सिक्स कन्सेक्युटिव्ह मंथ्स.’ आणि शेवटी: ‘हाऊ मेनी ऑफ द अबव स्टेटमेंट्स आर नॉट करेक्ट?’ पर्याय चार: फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. २०२३ च्या पूर्वपरीक्षेत या ‘किती’ पद्धतीच्या प्रश्नांची रेलचेल होती. त्यात एखादं विधान पक्कं माहीत असून पर्याय कापता येत नाहीत, प्रत्येक विधानाचा निवाडा करावाच लागतो.

सुरुवात तळातून करायची. आधी शेवटची ओळ, तीही पर्यायांवर हात ठेवून. “वरच्यांपैकी चुकीची विधानं किती?” झालं, नकार गेला. समासात पेन्सिलीने ‘चूक मोज’ एवढंच लिहायचं.

आता पहिलं विधान. इथे ‘नो’ आहे, ‘नॉट’ आहे आणि मध्ये ‘आयदर’ आहे. इंग्रजीत ‘हू’ने सुरू होणारा तुकडा वाक्याच्या मध्येच घुसतो, त्यामुळे मुख्य क्रियापद दूर पडतं. मराठीत यासाठी जी–ती, ज्या–त्या ही जोडी आहे: अट पुढे, निकाल मागे. “जी व्यक्ती दोन्हींपैकी एकाही सभागृहाची सदस्य नाही, तिला मंत्री करता येत नाही.” ही पहिली पायरी. दोन नकार अजून आहेत, म्हणून आणखी एक पायरी उतरायची आणि आत्याला सांगावं तसं सांगायचं: “मंत्री व्हायचं तर आधी खासदार असलंच पाहिजे.” इतकं उघडं झालं की उत्तर आपोआप येतं. चूक. अनुच्छेद ७५(५) सांगतो, की सलग सहा महिने कोणत्याच सभागृहाचा सदस्य नसलेला मंत्री ती मुदत संपताच मंत्री राहत नाही. म्हणजे तोवर राहू शकतो. राज्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १६४(४) मध्ये आहे आणि तिचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा उद्धव ठाकरे दोन्ही सभागृहांचे सदस्य नव्हते. सहा महिने भरत आले असताना, मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

या विधानात मुलं अडखळतात ती ‘आयदर’वर. त्याचा अर्थ ‘दोन्हींपैकी एक’ असा पाठ असतो, मग ‘नॉट ऑफ आयदर’चं ‘एका सभागृहाचा सदस्य नसलेला’ असं होतं. तसं धरलं तर राज्यसभेचा प्रत्येक खासदार त्यात बसेल, कारण तो लोकसभेचा सदस्य नसतोच! नकाराबरोबर आलेला ‘आयदर’ म्हणजे ‘एकाही’. आपला अर्थ असा विचित्र निघाला की समजावं, सांगण्यात गडबड झाली आहे.

दुसरं विधान: “ज्या सभागृहाचा मंत्री सदस्य नाही, त्या सभागृहात त्याला बोलता येत नाही.” चूक. अनुच्छेद ८८ प्रमाणे मंत्र्याला दोन्हीकडे बोलता येतं, मत मात्र आपल्याच सभागृहात देता येतं. इथला सापळा ‘मे नॉट’ हा. मराठी माध्यमातला मुलगा ‘मे’ म्हणजे ‘कदाचित’ शिकलेला असतो. तो वाचतो, “मंत्री कदाचित बोलणार नाही.” असं बिनबुडाचं विधान त्याला बरोबर वाटतं, आणि का वाटू नये? एखादा मंत्री गप्प बसूही शकतो. पण कायद्याच्या इंग्रजीत ‘मे’ शक्यतेचा नसून मुभेचा शब्द आहे. ‘मे’ म्हणजे ‘परवानगी आहे’, ‘मे नॉट’ म्हणजे ‘परवानगी नाही’, ‘शॅल’ म्हणजे ‘करावंच लागेल’. मराठीतला ‘शकतो’ शक्यता, ताकद आणि मुभा ही तिन्ही ओझी वाहतो, म्हणून तो इथे वापरूच नये.

तिसरं: “खासदार नसताना मंत्री जास्तीत जास्त सलग सहा महिने राहू शकतो.” बरोबर. (बघा, मी स्वतःच ‘शकतो’ म्हणून गेले. ‘राहता येतं’ म्हणायला हवं होतं.)

चुकीची दोन, उत्तर ‘फक्त दोन’. शेवटच्या ओळीतला नकार सुटला असता तर मोजणी बरोबर विधानांची झाली असती आणि ‘फक्त एक’ हा पर्यायही समोर असतोच. पेपर काढणारा चुकीचं उत्तर हवेतून आणत नाही. आपण जिथे घसरणार तिथेच तो पर्याय ठेवतो.

मराठीत सांगण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो तो ‘च’चा. इंग्रजीत ‘ओन्ली’ची जागा थोडी सरकली की अर्थ पालटतो आणि डोळ्याला ते जाणवतही नाही. मराठीत ‘च’ कुठे चिकटवायचा हे ठरवल्याशिवाय वाक्य तोंडातून बाहेरच पडत नाही. मनी बिलावर ‘राज्यसभा कॅन ओन्ली रेकमेंड’ म्हणजे “राज्यसभा शिफारसच करते, त्यापुढे काही नाही.” आणि ‘ओन्ली राज्यसभा कॅन रेकमेंड’ म्हणजे “राज्यसभाच शिफारस करते, दुसरं कोणी नाही.” ‘शिफारसच’ की ‘राज्यसभाच’ हे बोलताना जीभ विचारते आणि उत्तर द्यावंच लागतं.

‘ओन्ली इफ’चंही तसंच. दहाव्या अनुसूचीत, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, विलीनीकरणाची अट ‘इफ, अँड ओन्ली इफ, नॉट लेस दॅन टू-थर्ड्स’ सदस्य कबूल असतील तर, अशा शब्दांत घातली आहे. एका ओळीत तीन गाठी. मुलं ‘ओन्ली इफ’चं ‘फक्त जर’ करतात. ‘फक्त जर’ हे मराठी नव्हे आणि त्यातून अर्थही हाताला लागत नाही. इंग्रजीचा ‘ओन्ली’ अटीला चिकटतो, मराठीचा ‘च’ निकालाच्या ‘तर’ला: तरच. “किमान दोन तृतीयांश आमदार तयार असतील तरच विलीनीकरण मानलं जाईल, आणि तयार असतील तर ते मानलंच जाईल.” ‘तर’ म्हणजे अट पुरेशी, ‘तरच’ म्हणजे अट आवश्यक. तीस आमदारांच्या पक्षात वीस तयार झाले तर? ‘किमान’मध्ये वीस बसतात. प्रश्नात ‘नॉट लेस दॅन’च्या जागी ‘मोअर दॅन’ घातलं असेल तर वीस पुरत नाहीत, एकवीस लागतात आणि विधान चुकीचं ठरतं. एका शब्दाच्या या खेळावर प्रश्न निघतात.

आता मराठी कुठे दगा देते तेही सांगायला हवं, कारण या उपायाचं कौतुक करणारे ते सांगत नाहीत.

“सगळी राज्यं या करारात नाहीत.” या मराठी वाक्याचा अर्थ काय? काही राज्यं बाहेर आहेत, की एकही राज्य आत नाही? दोन्ही निघतात. घरात “सगळे जेवले नाहीत” म्हटलं तर समोरचा ताटं मोजून अर्थ लावतो. परीक्षेत ताटं नसतात. इंग्रजीत ‘नॉट ऑल’ असं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण ते ‘सगळे नाहीत’ असं सांगितलं, तर स्पष्ट होतं ते आपणच गढूळ केलं. अशा ठिकाणी ‘सगळेच असं नाही’ किंवा ‘एकही नाही’ यांपैकी एक निवडून बोलायचं. ‘सगळे’ आणि ‘नाही’ एका वाक्यात उघडे सोडायचे नाहीत.

दुसरा दगा अर्थशास्त्रात होतो. प्रश्नात ‘रेट ऑफ इन्फ्लेशन हॅज डिक्लाइन्ड’ असतं. घाईत मराठीत सांगताना “महागाई कमी झाली” होतं, तिथून मन “भाव उतरले”वर जातं आणि घात होतो. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, तर शंभराची वस्तू वर्षाने एकशे सहाऐवजी एकशे चारला मिळेल. भाव वाढतच आहेत, वेग मंदावला आहे. बोलक्या मराठीत ‘दर’ हा शब्द गळून पडतो, पण प्रश्नाचा जीव त्यातच असतो.

म्हणून माझा एक नियम आहे आणि मुलं त्यावरून मला चिडवतात: सांधे मराठीत, हाडं इंग्रजीत. ‘मनी बिल’, ‘फायनान्स बिल’, ‘रेपो रेट’, ‘इन्फ्लेशन रेट’ ही हाडं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. ‘धन विधेयक’ की ‘वित्त विधेयक’ की ‘अर्थ विधेयक’ या घोळात सत्तर सेकंद जातात. मराठीत आणायचे ते नॉट, ओन्ली, अनलेस, आयदर, अ‍ॅट लीस्ट, मे, शॅल. हे सगळे आखूड शब्द आहेत आणि मुलांना वाटतं की ते आपल्याला येतातच. अडतं ते नेमकं तिथे.

शेजारच्या हिंदी मजकुराचं काय? तो समोर असतोच, आणि शेवटच्या ओळीपुरता उपयोगीही आहे. हिंदीची वाक्यरचना मराठीसारखी, ‘सही नहीं है’ हे शेवटीच येतं. एक नजर टाकली की नकार आहे की नाही एवढं कळतं. त्यापलीकडे मात्र जपून. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आपल्याकडे संकट. हिंदीतला ‘अवकाश’ सुट्टीचा, आपला अंतराळातला. तिथली ‘शिक्षा’ शाळेत मिळते. आपल्याकडेही मिळायची म्हणा, पण वेगळ्या अर्थाने.

वेळेचा हिशेब राहिला. पहिल्या पेपरात १२० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. प्रत्येक प्रश्न मराठीत सांगायला पंधरा सेकंद घेतले तर पंचवीस मिनिटं त्यातच जातील. तेवढी कोणाकडेच नसतात. म्हणून सांगून बघायचं ते निवडक प्रश्न. माझा निकष साधा आहे. शेवटची ओळ मात्र प्रत्येक प्रश्नात सांगायची, तिला दोन सेकंद पुरतात. विधान सांगायचं ते एकाच वाक्यात दोन नकार असतील तेव्हा, ‘ओन्ली’ किंवा ‘अनलेस’ असेल तेव्हा, किंवा दुसऱ्यांदा वाचूनही क्रियापद कोणाचं ते कळलं नसेल तेव्हा. आणि ओठ हलवून, आवाज न करता. नुसतं मनात म्हटलं की वाक्य अर्धवट सोडून पुढे पळता येतं. ओठांवर आलं की क्रियापदापर्यंत जावंच लागतं.

हे सगळं करूनही मार्क वाढले नाहीत असं सांगणारे भेटतात. मग मी चुकलेले प्रश्न दोन ढिगांत वेगळे करायला लावते. इंग्रजी पेपर झाकायचा. मित्राने प्रश्न फक्त मराठीत सांगायचा, पर्यायही मराठीत. आता उत्तर बरोबर आलं तर चूक भाषेची होती. तरीही चुकलं तर विषयच येत नव्हता, आणि तिथे मराठीही काही करू शकत नाही. मागे एका मुलाचे चौदा प्रश्न असे तपासले. त्याची ठाम समजूत होती की आपलं इंग्रजी कच्चं आहे. चौदांपैकी अकरा मराठीतही चुकले. गडी बराच वेळ गप्प बसला, मग पर्यावरणाचं पुस्तक उघडून वाचायला लागला.

सोलापूरच्या मुलीचं उलट निघालं. तिच्या नऊ चुकांपैकी सात मराठीत सांगताच सुटल्या. त्या सातांत चार ‘नॉट’चे, दोन ‘ओन्ली’चे आणि एक ‘अनलेस’चा होता. ‘अनलेस’चं ती ‘जोपर्यंत’ असं करायची, पुढचा ‘नाही’ विसरून. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असतो, तो मराठीत उघड म्हणावा लागतो: ‘नसेल तर’. ‘अनलेस द प्रेसिडेंट असेंट्स’ म्हणजे “राष्ट्रपतींची संमती नसेल तर”. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढच्या सराव पेपरात तिच्या समासात जागोजागी बारीक अक्षरात ‘चूक शोध’, ‘किमान’, ‘एकाही’, ‘तरच’ असं लिहिलेलं दिसलं. एका ठिकाणी ‘च कुणाला?’ असाही प्रश्न होता.